५२ उशिरा गेलेल्या ऑर्डरी आणि माशाचा सांगाडा : हिंगणा एमआयडीसीतल्या नोंदी

४ ऑगस्ट

इतवारीतल्या फरसाणवाल्यांचा सकाळी फोन आला. राखीच्या पॅकिंगसाठी त्यांना खोकी ३१ जुलैला हवी होती. आमची गाडी त्यांच्या दारात पोचली २ ऑगस्टला संध्याकाळी. ते चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. "ताई, यापुढची ऑर्डर मी दुसरीकडे देऊन टाकली," एवढंच म्हणाले. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक. हे कळल्यावर आमचे मालक काकाजी दुपारपर्यंत कुणाशी धड बोलले नाहीत.

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला आमचा कारखाना लहान आहे. चौदा माणसं, तीन आणि पाच प्लायची, म्हणजे थरांची, पुठ्ठ्याची खोकी, एक छोटा हत्ती टेम्पो. ऑर्डरी, बिलं आणि हिशेब मी पाहते. संध्याकाळी सगळ्यांना एकेक करून विचारलं, माल उशिरा का जातो? छपाईवाले म्हणाले, पेस्टिंगवरून शीट वेळेवर येत नाहीत. पेस्टिंगवाले म्हणाले, पाऊस आहे, शीट वाळत नाहीत. डिस्पॅचचे भाऊ म्हणाले, "गाडी एकच हाय ताई, दोन टोकं कशी गाठू?" काकाजी म्हणाले, पोरं कामावर येत नाहीत. प्रत्येकाचं उत्तर ठाम होतं, आणि प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याकडे होतं.

डिप्लोमाला असताना माशाच्या सांगाड्याची आकृती शिकले होते. जपानचे काओरू इशिकावा यांच्या नावाने ती ओळखली जाते. उजवीकडे माशाचं डोकं, म्हणजे जो परिणाम आपल्याला सतावतो आहे तो. मधून पाठीचा कणा. कण्याला तिरपे जोडलेले मोठे काटे म्हणजे कारणांचे गट, आणि त्या काट्यांना फुटलेले बारीक काटे म्हणजे एकेक कारण. परीक्षेत दहा मार्कांसाठी काढली होती, आता कामासाठी काढून पाहायची आहे.

६ ऑगस्ट

दोन दिवस फक्त डोक्यावर गेले. वाटलं होतं तेवढं ते सोपं नाही.

मी आधी लिहिलं होतं : "माल उशिरा जातो." हे डोकं चालत नाही, कारण यात किती, कधीपासून आणि कशाच्या तुलनेत उशिरा, यातलं काहीच नाही. काकाजींनी सुचवलं : "माणसं कमी असल्यामुळे माल उशिरा जातो." हे तर त्याहून वाईट. डोक्यातच कारण घातलं की काटे काढायची गरजच उरत नाही, सगळे मिळून तेच एक कारण सजवत बसतात.

मग मे, जून आणि जुलैचं ऑर्डर रजिस्टर काढलं. प्रत्येक ऑर्डरसमोर कबूल केलेली तारीख आणि चलनावरची पोच तारीख मांडली. एकूण १६३ ऑर्डरी निघाल्या. त्यांतल्या १५ ऑर्डरींना कबूल तारीख कुठेच लिहिलेली नव्हती, काकाजींनी फोनवर तोंडी सांगितली असणार. त्या बाजूला ठेवल्या. उरल्या १४८. त्यांतल्या ५२ उशिरा गेल्या. तीनातली एक, त्याहूनही थोडी जास्त.

काकाजींना आकडा दाखवला तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या अंदाजाने महिन्याला चार-पाच ऑर्डरी मागे पडत होत्या. जे गिऱ्हाईक फोन करतं तेवढंच आपल्या लक्षात राहतं. बाकीचे गप्प बसतात आणि हळूहळू दुसरीकडे जातात.

डोक्यात शेवटी हे लिहिलं : "मे ते जुलै, १४८ पैकी ५२ ऑर्डरी कबूल तारखेनंतर पोचल्या." कुणाचं नाव नाही, कारण नाही, उपाय नाही.

११ ऑगस्ट

जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांना बसवलं. छपाईत बिघडलेलं पाच प्लायचं मोठं शीट पाठकोरं करून भिंतीला टेकवलं आणि त्यावर मार्करने मासा काढला. कारखान्यात रूढ असलेले सहा काटे घेतले : माणसं, यंत्रं, कच्चा माल, पद्धत, मोजमाप आणि भोवतालचं वातावरण. प्रत्येकाला चिठ्ठ्या दिल्या. एका चिठ्ठीवर एकच कारण लिहायचं आणि ती चिठ्ठी आपल्याच गमने काट्यावर चिकटवायची.

एकूण ३७ चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या १६ "माणसं" या एकाच काट्यावर. "लक्ष देत नाही", "उशिरा येतो", "सांगितलेलं ऐकत नाही". नावं लिहिलेली नव्हती, पण कोण कुणाबद्दल लिहितं आहे ते सगळ्यांना कळत होतं. स्टिचिंगवरचे दादा वीस मिनिटं खाली मान घालून बसले होते. मोजमापाच्या काट्यावर एकही चिठ्ठी नाही, आणि दर दहा ऑर्डरींत एकीला तारीखच लिहिलेली नसते हे तर मी नुकतंच पाहिलं होतं.

बैठक मीच लवकर संपवली. आकृती भरली होती, पण तिच्यातून काय तपासायचं ते दिसत नव्हतं. "लक्ष देत नाही" ही चिठ्ठी खरी की खोटी हे कोणत्या कागदात पाहणार? घरी जाताना दादांचा चेहरा डोळ्यांसमोर होता. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

१३ ऑगस्ट

जुन्या वह्या काढल्या. इशिकावांनी या आकृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. एकात परिणामात फरक का पडतो याची कारणं गटागटाने फोडत जायचं, सहा काट्यांचा मासा तो हाच. दुसऱ्यात आधी सुचतील तेवढी सगळी कारणं लिहून काढायची आणि मग त्यांचे गट पाडायचे. तिसऱ्यात कामाचे टप्पेच कण्यावर ओळीने मांडायचे आणि त्या-त्या टप्प्यावर काय अडतं तेवढंच लिहायचं. आम्हाला तिसरा हवा होता.

उशीर ही वेळेची गोष्ट आहे. ऑर्डर घेतल्यापासून माल उतरेपर्यंत तो कुठल्या तरी टप्प्यावर साचतो. मग आकृतीही वेळेच्या क्रमानेच काढावी. नवं शीट घेतलं आणि कण्यावर डावीकडून उजवीकडे टप्पे मांडले : ऑर्डर आणि तारीख, छपाईचं डिझाइन आणि स्टिरिओ म्हणजे छपाईचा रबरी ठसा, कागदाचा रोल, कागद नागमोडी करणारं कोरुगेशन, पेस्टिंग आणि वाळवण, छपाई, खाचा पाडणारा स्लॉटर, स्टिचिंग, गाडी.

पुन्हा चिठ्ठ्या दिल्या, या वेळी एका अटीवर. चिठ्ठीत माणसाचा स्वभाव येणार नाही, घडलेली गोष्ट येईल. "लक्ष देत नाही" नको. "स्लॉटरचं सेटिंग बदलायला तास जातो आणि दिवसात चार वेळा बदलावं लागतं" असं हवं. आणि प्रत्येक चिठ्ठीखाली एक ओळ : हे खरं असेल तर कोणत्या वहीत, चलनात किंवा फोनमध्ये दिसेल?

आज २४ चिठ्ठ्या आल्या. स्टिचिंगवाले दादा पहिल्यांदा बोलले : "ताई, माझ्याकडं बंडल येतात तेव्हा तारीख उलटून गेलेली असते. पायना तुमी, कार्डावर लिहून राहते." जॉब कार्डावर प्रत्येक टप्प्याची तारीख पडते हे खरं. ती कार्डं आजवर आम्ही फक्त मजुरीच्या हिशेबासाठी पाहत होतो.

शीटवर मी लाल मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं : "सगळे संशय आहेत, अजून एकही कारण नाही." आकृतीबद्दल नेमका हाच घोटाळा होतो. ती भरली की माणसाला वाटतं, कारण सापडलं. पण त्यावर असतात ती लोकांची मतं, नीट रचून ठेवलेली. पुरावा वहीतूनच यावा लागतो.

१८ ऑगस्ट

आधी गाडीचा काटा घेतला, कारण त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. आम्ही शहराच्या एका टोकाला. कळमना आणि इतवारीची गिऱ्हाइकं दुसऱ्या टोकाला, बुटीबोरीची तिसरीकडे. काकाजी दुसरी गाडी कर्जाने घ्यायचं ठरवतच होते, कोटेशनही आलेलं होतं.

५२ चलनं काढली आणि त्यांवरची पोच तारीख गेटबुकातल्या गाडी निघाल्याच्या तारखेशी लावून पाहिली. ४६ ऑर्डरी ज्या दिवशी गेटबाहेर पडल्या त्याच दिवशी पोचल्या होत्या. फक्त ६ ऑर्डरींत गाडी निघाल्यानंतर किंवा माल तयार असून गाडीअभावी उशीर झाला होता.

म्हणजे ५२ पैकी ४६ वेळा गाडीत माल भरण्याआधीच तारीख उलटून गेली होती. उशीर गाडीत फक्त दिसतो, कारण गिऱ्हाईक गाडीचीच वाट पाहत असतं. काकाजींनी कोटेशन घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. डिस्पॅचचे भाऊ गेटबुक हातात घेऊन बराच वेळ उभे होते. तीन वर्षं सगळ्यांची बोलणी त्यांनीच खाल्ली होती.

२० ऑगस्ट

आज दोन काटे तपासले : पाऊस आणि गैरहजेरी.

पावसाचा संशय बिनबुडाचा नाही. आमचा गम स्टार्चचा, पेस्टिंग झालेली शीट वजनाखाली ठेवून वाळवावी लागतात. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ती काही तासांत कडक होतात, जुलैत रात्रभर ठेवूनही कडा ओलसर लागतात. अशी शीट घाईने स्लॉटरवर घातली की थर सुटतात आणि पुन्हा पेस्टिंग करावं लागतं. पण उशिराचं मुख्य कारण पाऊस असेल, तर मे महिन्यात उशीर जवळजवळ नसायला हवा. महिन्यांप्रमाणे वाटणी केली : मे १५, जून १६, जुलै २१. कोरड्याठाक मे महिन्यातही १५ ऑर्डरी उशिरा. जुलैच्या वाढीत पावसाचा हात आहे, त्या महिन्यात थर सुटल्यामुळे ४ ऑर्डरींची शीट पुन्हा करावी लागल्याचं जॉब कार्डांवर दिसतं. काटा खरा आहे, पण लहान.

गैरहजेरीचा काटा तपासताना माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. मी फक्त उशिरा गेलेल्या ऑर्डरी घेतल्या आणि त्या काळात मस्टरवर कुणी गैरहजर होतं का ते पाहू लागले. नव्या डिझाइनच्या वेगळ्या पाहायच्या म्हणून बाजूला ठेवल्या. बिनछपाईच्या साध्या आणि आधी केलेल्या जुन्याच डिझाइनच्या मिळून २५ ऑर्डरी उशिरा गेल्या होत्या, त्यांपैकी ९ वेळा कुणी ना कुणी गैरहजर. काकाजी लगेच म्हणाले, "पाहा, मी का म्हणत होतो!"

पण वेळेवर गेलेल्या ऑर्डरींच्या वेळी सगळे हजर होते का, हे तर पाहिलंच नव्हतं. मग अशाच प्रकारच्या, वेळेवर गेलेल्या ३० ऑर्डरी रजिस्टरातून डोळे मिटून उचलल्या. त्यांतल्या ११ वेळा कुणीतरी गैरहजर होतं. २५ पैकी ९ आणि ३० पैकी ११, म्हणजे प्रमाण जवळपास सारखंच. कुणी ना कुणी गैरहजर असणं हे आमच्याकडे नेहमीचंच आहे, आणि तसं असतानाही बहुतेक माल वेळेवर जातो. त्यामुळे उशिराचा दोष त्यावर टाकता येत नाही.

नुसत्या बिघडलेल्या गोष्टी पाहिल्या की आपल्या मनातलं कारण त्यांत हमखास सापडतं. चांगल्या गेलेल्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय काटा खरा ठरवून हिरवा करायचा नाही, असं आता शीटवरच लिहून ठेवलं आहे.

२३ ऑगस्ट

काल पोळा, आज मारबतीची मिरवणूक. इतवारी आणि महालच्या रस्त्यांवर गाडी नेणं शक्यच नव्हतं, त्यामुळे त्या भागातले दोन माल परवाच पोचते केले. हे भाऊंनी न सांगता केलं. सणांच्या तारखा आधीपासून माहीत असतात, त्यांच्यामुळे उशीर होण्याचं कारण नाही. तीन महिन्यांच्या यादीतही सणामुळे अडकलेली ऑर्डर एकही नाही.

कागदाच्या रोलचा काटा मात्र तपासताच आला नाही. स्टॉक रजिस्टरात रोल आल्याची तारीख आहे, पण तो कधी मागवला आणि कोणत्या ऑर्डरसाठी थांबलो, याची नोंद नाही. पेस्टिंगवाले म्हणतात, हव्या त्या रुंदीचा रोल नसल्याने काम थांबतं. असेलही. त्या चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह काढलं आणि रजिस्टरात दोन नवे रकाने आखले. तपासता येत नाही याचा अर्थ तसं घडतच नाही असा होत नाही.

२५ ऑगस्ट

आज खरा धागा हाती लागला, आणि तो कण्याच्या अगदी सुरुवातीला होता.

१४८ ऑर्डरींचे तीन ढीग केले. बिनछपाईची साधी खोकी ६५, त्यांतली ११ उशिरा. आधी कधीतरी केलेल्या डिझाइनची खोकी ५२, त्यांतली १४ उशिरा. आणि नव्या डिझाइनची ३१, त्यांतली २७ उशिरा. हा शेवटचा आकडा मी तीनदा मोजला. नवं डिझाइन म्हटलं की माल उशिरा जाणार, हे जवळपास ठरलेलंच होतं. एकूण ऑर्डरींचा पाचवा हिस्सा, आणि उशिरातला निम्म्याहून जास्त वाटा त्यांचाच.

नव्या डिझाइनच्या ३१ ऑर्डरींचे दिवस जॉब कार्ड आणि व्हॉट्सॲपवरच्या वेळा पाहून मांडले. साधारण चित्र असं दिसलं : ऑर्डर घेतल्यावर डिझाइनचा नमुना, म्हणजे प्रूफ, गिऱ्हाइकाला पोचायला तीन दिवस. गिऱ्हाइकाचा होकार यायला आणखी तीन. स्टिरिओ बाहेरून बनून यायला तीन. त्यानंतर आमच्या मशीनवर चार. एकूण तेरा दिवस. आणि आम्ही कबूल करतो आठ.

मग काकाजींना घेऊन बसले आणि एकामागून एक "काहून?" विचारत गेले.

नव्या डिझाइनचा माल उशिरा काहून? कारण सातवा-आठवा दिवस उजाडला तरी मशीनला काम मिळत नाही. काहून? कारण स्टिरिओ आलेला नसतो. काहून? कारण होकार मिळाल्याशिवाय स्टिरिओ बनवायला देता येत नाही, आणि होकार सहाव्या दिवशी येतो. काहून? कारण प्रूफच तिसऱ्या दिवशी जातं, आमचा डिझाइनवाला मंगळवारी आणि शुक्रवारीच येतो. मग तारीख आठ दिवसांची काहून देता?

इथे काकाजी थांबले. म्हणाले, "कारखाना सुरू केला तेव्हापासून आठच दिवस सांगून राहिलो." तेव्हा सगळी खोकी साधी असायची, छपाई नव्हती. साध्या खोक्यांना आठ दिवस पुरेसे होते आणि अजूनही आहेत. पुढे छपाई आली, गिऱ्हाइकांना रंगीत नाव हवं झालं, पण बोललेला आकडा तोच राहिला. आणि तो मोजला जातो ऑर्डरच्या दिवसापासून, होकाराच्या दिवसापासून नाही.

गिऱ्हाइकाने होकार उशिरा दिला तर तो आमचा उशीर कसा, असं काकाजींचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण प्रूफ पाठवताना "तुम्ही हो म्हणाल तेव्हापासून दिवस मोजू" असं आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. त्यांना ठाऊक आहे तो आठचा आकडा. न सांगितलेली अट त्यांच्यावर लादता येणार नाही.

२८ ऑगस्ट

नव्या डिझाइनच्या ऑर्डरींनी उशिरातला निम्म्याहून अधिक वाटा उचलला, पण बाकीच्या २५ चं काय? स्लॉटरवाल्या दादांची चिठ्ठी पहिल्या दिवसापासून होती : "मध्येच अर्जंट घुसवतात." स्टिरिओ एकदाचा आला की तारीख उलटून गेलेली असते, गिऱ्हाइकाचे फोन सुरू झालेले असतात, आणि काकाजी स्वतः येऊन चालू काम उतरवून ते चढवतात. स्लॉटरचं सेटिंग बदलायला तास जातो, उतरवलेलं काम परत चढवताना पुन्हा एक तास.

मागच्यासारखीच तुलना केली. उशिरा गेलेल्या २५ पैकी १४ वेळा, त्या कामाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी मध्येच अर्जंट काम घुसलं होतं. वेळेवर गेलेल्या ३० पैकी फक्त ६ वेळा. इथे फरक स्पष्ट दिसतो. हा काटा हिरवा केला आणि त्याच्यापासून बाणाची रेघ थेट पहिल्या टप्प्यावरच्या "आठ दिवस" या चिठ्ठीपर्यंत नेली. माशाच्या आकृतीत अशी आडवी रेघ बसत नाही, तिच्यात प्रत्येक काटा स्वतंत्र असतो असं गृहीत धरलेलं असतं. पण आमच्याकडे एक काटा दुसऱ्याला जन्म देत होता. म्हणून रेघ काढली, आकृती विद्रूप दिसली तरी चालेल.

१ सप्टेंबर

आजपासून तीन गोष्टी बदलल्या. नव्या डिझाइनची तारीख होकाराच्या दिवसापासून आठ दिवस, आणि ते प्रूफसोबत व्हॉट्सॲपवर लिहून जाईल. डिझाइनवाल्याला कामावर पैसे ठरवून दिले, तो घरून त्याच दिवशी प्रूफ पाठवेल. कबूल तारीख जॉब कार्डावर लिहिल्याशिवाय कार्ड पेस्टिंगला जाणार नाही.

काकाजींना एक भीती आहे, की होकाराचे तीन धरून अकरा दिवस ऐकून गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. मला ती रास्त वाटते, म्हणून कुणी तारखेमुळे ऑर्डर मागे घेतली तर तेही लिहून ठेवणार आहे.

१० सप्टेंबर

वाडीच्या गिऱ्हाइकाच्या खोक्याचा स्टिरिओ चुकीच्या मापाचा आला. खोकं १२ इंच लांब, ठसा मात्र १४ इंची खोक्याच्या हिशेबाने केलेला. पाठवताना माप आम्हीच फोनवर सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. तीन दिवस गेले, ऑर्डर उशिरा जाणार. गिऱ्हाइकाला आजच कळवलं, नवी तारीख दिली. ते म्हणाले, आधी सांगितलं हे बरं केलं, पॅकिंगची माणसं त्या दिवशी बोलावणार नाही.

डिझाइनच्या काट्यावर नवी चिठ्ठी लावली : "माप तोंडी."

३० सप्टेंबर

महिना पूर्ण झाला. ३८ ऑर्डरी, उशिरा ७. नव्या डिझाइनच्या ८, त्यांतल्या २ उशिरा. एक वाडीची, दुसरी रोल न मिळाल्याने. नव्या रकान्यांमुळे ते आता वहीत दिसतं.

काकाजी खूश आहेत. मी त्यांना दुसरा आकडाही दाखवला, कारण पहिल्यावर एकट्यावर माझा भरवसा नाही. तारीखच पुढे ढकलली की काहीही न करता उशीर कमी दिसतो. कागदावर सुधारणा, आणि गिऱ्हाईक तेवढेच दिवस ताटकळत बसलेलं. म्हणून ऑर्डर घेतल्यापासून माल उतरेपर्यंतचे एकूण दिवस वेगळे मोजले. नव्या डिझाइनला आधी साधारण तेरा लागत होते, आता दहा. प्रूफ पहिल्याच दिवशी जातं, आणि होकारापासून दिवस मोजणार हे वाचल्यावर गिऱ्हाईक तो दोन दिवसांत देतं. तीन दिवस खरोखर वाचले. तारखेमुळे परत गेलेली ऑर्डर एक.

साध्या आणि जुन्या डिझाइनच्या ऑर्डरींबद्दल मात्र मला काही ठाम म्हणता येत नाही. ३० पैकी ५ उशिरा. आधी ११७ पैकी २५ होत्या. फरक आहे, पण तीस ऑर्डरींत एखाद-दोन इकडच्या तिकडे झाल्या तरी तो पुसून जाईल. अर्जंट घुसवणं जुलैतल्या बारा वेळांवरून चारवर आलं आहे. तेच कारण असेल तर पुढच्या दोन महिन्यांत हा आकडा आणखी खाली यायला हवा. नाही आला, तर २८ ऑगस्टला हिरवा केलेला काटा मला पुन्हा संशयाचा लाल करावा लागेल.

ऑक्टोबरपासून अंबिया बहाराच्या संत्र्यांची खोकी सुरू होतील. ती सगळी जुन्या डिझाइनची, पण मोठ्या संख्येची आणि रोज लागणारी. तिथे नवा मासा लागेल आणि त्याचं डोकंही वेगळं असेल. स्टिचिंगवाल्या दादांनी त्यासाठी पाच प्लायचं एक खराब शीट आजच बाजूला काढून ठेवलं आहे. संध्याकाळी काटोलच्या बाजूने एका बागवानाचा फोन आला तेव्हा काकाजींनी तारीख सांगण्याआधी रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, "डिझाइन नवीन हाय का जुनं?"